तेरा रुपयांचा हिशेब



महाविद्यालयांतल्या अर्थविषयक प्रश्नमंजूषांसाठी मी गेली काही वर्षं प्रश्न काढतो आहे. बोनस, स्प्लिट आणि राइट्स या त्रिकुटावर एखादा तरी प्रश्न विचारल्याशिवाय फेरी पुरी झाल्यासारखं वाटत नाही. पहिल्या दोघांत मुलं आकड्यांत चुकतात, तिसऱ्यात मात्र विचारातच चुकतात. म्हणून आजचा बराचसा वेळ मी तिसऱ्याला देणार आहे. पण आधी पहिल्या दोघांना मार्गी लावू.

स्प्लिट म्हणजे नोट मोडून सुटे घेणं. पाच रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे एक रुपयाचे पाच होतात. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेवढंच राहतं. कंपनी आपल्या राखीव निधीतली रक्कम भागभांडवलाच्या खात्यात टाकते आणि तेवढ्याचे नवे शेअर जुन्या भागधारकांना फुकट देते. दोन्हीत कंपनीकडे एक पैसाही नवा येत नाही आणि कुणाच्या मालकीचा टक्का हलत नाही. शेअर वाढतात, भाव त्याच पटीत उतरतो, इतकंच.

पुण्याच्या बजाज फिनसर्व्हनं सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही गोष्टी एकदमच केल्या. एकाचे पाच झाले, मग प्रत्येकावर एक बोनस, म्हणजे दहा. सतरा हजारांवरचा भाव एका रात्रीत सतराशे-अठराशेच्या घरात आला. त्या सकाळी आमच्या शेजारच्या काकांचा मला फोन. "अहो, नव्वद टक्के गेले की हो माझे!" मोबाइलवर सगळं लालभडक दिसत होतं, कारण भाव उतरला होता पण नवे शेअर अजून डिमॅट खात्यात पोचले नव्हते. काही दिवसांनी ते पोचले आणि काकांचा रक्तदाब उतरला.

इथला सापळा गुणोत्तराचा आहे. नायकानं नोव्हेंबर २०२२ मध्ये पाचास एक, म्हणजे हातातल्या एका शेअरवर पाच, असा बोनस दिला. भाव किती होईल, असं विचारलं की निम्मी मुलं "एक पंचमांश" म्हणतात. चूक. जुना एक आणि नवे पाच मिळून सहा झाले, म्हणून भाव एक षष्ठांश. एकाचे पाच असा स्प्लिट असता तर पंचमांश बरोबर होतं. बोनसमध्ये जुना शेअर वेगळा मोजायचा, स्प्लिटमध्ये तो मोडलेलाच असतो.

आता राइट्स, म्हणजे हक्कभाग. यात कंपनी खरोखरच पैसे मागते, आणि आधी मागते ती आपल्या भागधारकांकडे. माझा आवडता प्रश्न रिलायन्सचा आहे. २०२० च्या उन्हाळ्यात रिलायन्सनं ५३,१२५ कोटी रुपयांचा राइट्स इश्यू आणला. दर पंधरा शेअरमागे एक नवा शेअर, किंमत १,२५७ रुपये. घोषणेच्या दिवशी, ३० एप्रिलला, बाजारात भाव होता सुमारे १,४६७. माझा प्रश्न असा: एक नवा शेअर घेण्याच्या हक्काची किंमत किती? पर्याय दिले होते २१०, १९७ आणि १३.

बहुतेकांचं बोट २१० वर जातं. १,४६७ तून १,२५७ वजा केले की झालं! पण नवा शेअर स्वस्तात निघाला की जुन्यांच्या भावालाही थोडी ओढ बसते, हे त्यात धरलेलंच नाही. तेव्हा असं करा. पंधरा जुने शेअर घ्या, १,४६७ च्या भावानं त्यांचे झाले २२,००५ रुपये. त्यात नव्या शेअरचे १,२५७ मिळवा, झाले २३,२६२. याला सोळानं भागा. येतात १,४५३ रुपये आणि ८७ पैसे. हक्कानंतरचा हिशेबी भाव तो हा. त्यातून १,२५७ गेले की उरतात सुमारे १९७. हक्काची किंमत ती.

आणि तो तेराचा आकडा? प्रत्येक जुना शेअर १,४६७ वरून १,४५३.८७ वर आला, म्हणजे तेरा रुपयांनी उतरला. ज्याच्याकडे दीडशे शेअर आहेत, त्याचे जुन्या शेअरांवर साधारण १,९६९ रुपये कमी झाले. पण त्याला दहा हक्क मिळाले, प्रत्येकी १९७ चे. तेही होतात साधारण १,९६९. एका खिशातून गेलं ते दुसऱ्या खिशात आलं.

एक खुलासा करायला हवा. रिलायन्सनं पैसे हप्त्यांनी मागितले होते: अर्जाबरोबर ३१४ रुपये २५ पैसे, बाकीचे २०२१ च्या मे आणि नोव्हेंबर महिन्यांत. पुढे द्यायचे पैसे आज हातात राहतात, त्यालाही मोल असतं. त्यामुळे माझ्या कागदावरच्या आकड्यापेक्षा हक्काला काहीसा जास्त भाव मिळणं स्वाभाविक आहे. शिवाय बाजार काही भागाकार करून चालत नाही. प्रश्नमंजूषेत मात्र भागाकारालाच गुण.

मालकीच्या बाबतीत तर मीच एकदा तोंडघशी पडलो. "राइट्स इश्यूमुळे भागधारकाचा मालकीचा टक्का कमी होतो" हे विधान बरोबर, असं मी उत्तरपत्रिकेत लिहून ठेवलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, पण सगळ्यांनी आपापला हक्क घेतला तर?" मी दोन क्षण गप्प. तिचं बरोबर होतं. प्रत्येकाचे पंधराचे सोळा झाले तर टक्का जागच्या जागीच राहतो. तो घसरतो फक्त हक्क न घेणाऱ्याचा. एक टक्का मालकी असेल तर ती पंधरा सोळांशावर, म्हणजे ०.९४ टक्क्यावर येते. मी तिला गुण दिले आणि तो प्रश्न कायमचा बदलला.

तर भागधारकापुढे वाटा तीन. पैसे भरून शेअर घ्यावेत, म्हणजे टक्काही टिकतो आणि मोलही. पैसे नसतील तर हक्क विकावा. मग टक्का घसरतो, पण त्याचा मोबदला हातात पडतो. हे हक्क डिमॅट खात्यात जमा होतात आणि शेअर बाजारात शेअरसारखेच विकता येतात. रिलायन्सच्या वेळी ती सोय नवीनच होती. तिसरी वाट म्हणजे काहीच न करणं, आणि घरोघरी हीच जास्त चालते. कंपनीचा ईमेल आलेला असतो, तो उघडलेला नसतो. खात्यात एक अनोळखी नाव दिसतं, ते कशाचं हे कुणी विचारत नाही. अशा भागधारकाच्या जुन्या शेअरांचे तेरा-तेरा रुपये गेलेले असतात आणि भरपाईचा हक्क खात्यात नुसता पडून असतो.

तुमच्याकडच्या एखाद्या कंपनीनं राइट्स इश्यू काढला, तर पत्रातल्या दोन तारखा आधी शोधा. हक्क विकण्याची शेवटची तारीख आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख. या दोन एक नसतात, विकण्याची आधी येते. रिलायन्सच्या वेळी बाजारात हक्क विकता येत होते २९ मेपर्यंत, आणि इश्यू बंद झाला ३ जूनला. त्या संध्याकाळनंतर खात्यात उरलेल्या प्रत्येक हक्काची किंमत शून्य होती.