लेकीचा स्वॉट आणि गटाची वही
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं मनोगत)



माझी लेक नाशिकला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्केटिंगच्या विषयात तिला एका छोट्या धंद्याचा स्वॉट करायचा होता. स्वॉट म्हणजे चार रकाने: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. तिनं आपल्या गटाचे नागलीचे पापड घेतले आणि पंधरा मिनिटांत कागद भरला. चव चांगली, भांडवल कमी, कुंभमेळ्याची संधी, स्पर्धेचा धोका. मॅडमनी एकच विचारलं, "पापडाच्या जागी लोणचं लिहिलं तर यातलं काय बदलेल?" काहीच नाही!

मग आम्ही दोघी गटाची विक्रीची वही घेऊन बसलो. पहिले दोन रकाने गटाच्या आतले, म्हणजे आपल्या हातातले. उरलेले दोन बाहेरचे. ही फोड आधी केली.

चव चांगली, हे कशावरून? वहीत ४० घरं होती, त्यातल्या २६ घरांनी दुसऱ्यांदा पापड नेले होते. हे झालं बलस्थान. भांडवल कमी, हे तर खोटंच निघालं, खात्यात पैसे होते. खरी अडचण वाळवणाची. आपल्याकडे दोनच गच्च्या, म्हणून दिवसाला १० किलोच्या वर पापड होत नाहीत आणि पावसाळ्यात काम बंद. ही उणीव. अवकाळी पाऊस मात्र बाहेरचा, तो धोक्यात गेला.

आता कुंभमेळा. २०१५ ला नाशिकची शाहीस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात झाली. २०२७ ची मुख्य स्नानंही पावसाळ्यातच आहेत. म्हणजे गर्दी येईल तेव्हाच आपलं वाळवण बंद असेल! ही संधी आपल्याला मिळायची तर माल मेअखेर तयार हवा. मार्च ते मे कामाचे ५० दिवस धरले तर ५०० किलो होतात. ३०० किलो नेहमीच्या गिऱ्हाइकांचे, उरले २०० किलो. तेवढ्यासाठी स्टॉल परवडत नाही, दोन-तीन दुकानांना माल देणंच बरं. आणि पापड ऑगस्टपर्यंत टिकतात का, हे आधीच्या पावसाळ्यात एक डबा बंद ठेवून बघायचं. तो उघडल्यावर पापड सादळले किंवा कुबट वास आला, तर ही संधी कागदावरून खोडायची.

चार रकाने असे एकमेकांना जोडले, तेव्हा शेवटी काय करायचं ते ठरलं. मॅडमना हेच हवं होतं.

तुमच्या गटाकडेही कॉलेजच्या मुली येतील. त्यांना नुसतं "आमचा माल चांगला आहे" सांगू नका. वही पुढे ठेवा. आणि त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ वाचून विचारा, "बाई, हे शेजारच्या गटालाही लागू पडतं का?" पडत असेल तर ती ओळ खोडायला लावा.