तुटलेला दांडा आणि दोन सूक्ष्मदर्शक



मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, "दोन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतला भारी कोणता?" धातूंचे भाग का मोडतात हे शोधणं माझं काम, तेव्हा उत्तर एका तुकड्यावरून देतो. समजा, तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा एक दांडा चालू यंत्रात तुटला.

पहिला प्रश्न, तुटला कसा? त्यासाठी तुटलेलं टोक कापून, तेल धुऊन स्कॅनिंग सूक्ष्मदर्शकात ठेवतो. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत अगदी बारीक करून पृष्ठभागावर ओळीओळीने फिरवतात, शेतात नांगर फिरवावा तसा. झोत पडेल तिथून कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बाहेर येतात, तेही वरच्या काही नॅनोमीटर थरातलेच. जितके जास्त येतील, तितका पडद्यावरचा तो ठिपका उजळ. म्हणजे हे चित्र भिंगातून उमटत नाही, ठिपक्याठिपक्याने भरलं जातं. कडा आणि उतार उजळ दिसतात, त्यामुळे खडबडीत पृष्ठभागाचे उंचवटे-खळगे छान कळतात. एकाच ताणाने तुटलेल्या अशा धातूत वाटीसारखे खळगे दिसतात. हळूहळू थकून तुटला असेल, तर बारीक समांतर रेषा. भेग नियमित वाढत असताना दर भारफेरीला साधारण एक रेषा उमटते. रेषांतलं अंतर अर्धा मायक्रॉन असेल, तर भेग १ मिलिमीटर सरकायला सुमारे २००० फेऱ्या लागल्या!

दुसरा प्रश्न, मुळात धातूच कच्चा होता का? या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेत आत तयार होणाऱ्या, काही नॅनोमीटरच्या कणांमुळे येते. प्रक्रिया लांबली तर कण मोठे आणि विरळ होतात. ते पोटात असल्याने पृष्ठभाग पाहून भागत नाही. मग ३ मिलिमीटरची चकती कापून तिचा मध्य सुमारे १०० नॅनोमीटरपर्यंत पातळ करायचा आणि ट्रान्समिशन सूक्ष्मदर्शकात २०० किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन तिच्या आरपार पाठवायचे. इथे झोत फिरत नाही. सगळा भाग एकदम उजळतो आणि खालची चुंबकीय भिंगं त्याचं मोठं चित्र पाडतात, आपल्या शाळेतल्या स्लाइड प्रोजेक्टरसारखं. जिथे इलेक्ट्रॉन जास्त विखुरतात तो भाग काळसर दिसतो. फक्त हे जाडीभरचं एकत्र चित्र असतं. एकावर एक आलेले दोन कण एकच भासतात, म्हणून चकती तिरपी करून पुन्हा पाहावं लागतं. शिवाय दिसणारा भाग इतका लहान, की एका चकतीवरून अख्ख्या दांड्याबद्दल बोलायची माझी तरी हिंमत होत नाही.

चकती करण्यातच दिवस जातो, म्हणून मी आधी नेहमी तुटलेलं टोक पाहतो. तुमच्यापैकी कारखानदारांना एक विनंती. तुटलेले तुकडे "नीट बसतात का" म्हणून एकमेकांना जोडून पाहू नका. त्या रेषा घासून जातात आणि मला दिसतात ते नुसते चकचकीत, सपाट डाग.