स्पेसिफिकेशन पाठवण्याआधीची शेवटची दहा मिनिटं

आज एका पंपाच्या स्पेसिफिकेशनबद्दल बोलू. आमच्याकडे पाण्याचा पंप घ्यायचा होता. पहिल्या पानावर डिस्चार्ज लिहिला होता ताशी 36 घनमीटर. आतल्या तक्त्यात होता सेकंदाला 10 लिटर. दोन्ही एकच, कारण 10 लिटरला 3600 ने गुणलं की ताशी 36 हजार लिटर होतात. शेवटच्या पानावर चाचणीचं कलम होतं, तिथे मात्र लिहिलं होतं ताशी 10 घनमीटर.

आकडा तोच, म्हणून तिघांनी वाचूनही कुणाला खटकलं नाही. एकक तेवढं बदललेलं. पण सप्लायरने या कलमावर बोट ठेवलं असतं, तर हव्या त्यापेक्षा साडेतीन पट कमी पाणी देणारा पंपही चाचणीत पास झाला असता!

सापडलं कसं? मोटरवरून. डिस्चार्ज ताशी घनमीटरमध्ये आणि हेड मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, 367 ने भागा. पाण्याला लागणारी शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. आपलं हेड 30 मीटर. 36 गुणिले 30 भागिले 367, म्हणजे 2.9. पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरली की 4.9. वर थोडी सवड ठेवून 5.5 किलोवॉटची मोटर, म्हणजे आपली साडेसात एचपी. जुळलं. आता चाचणीच्या कलमातले 10 घालून बघा. दीड किलोवॉटसुद्धा लागत नाही. मग साडेपाचची मोटर कशाला? इथे थांबायचं आणि तिन्ही पानं शेजारी ठेवायची.

दशांशचिन्हाची चूकही याच हिशोबात पकडली जाते. फोटोकॉपीत 5.5 मधला टिंब उडाला की 55 होतो, आणि 55 या हिशोबात बसतच नाही. एकाच्या आतला आकडा असेल तर नुसतं .5 लिहू नका, 0.5 लिहा. पुढचं शून्य दिसलं की टिंब पुसट असला तरी वाचणारा थबकतो.

पण हा हिशोब 36 च्या जागी 38 पडलेले पकडणार नाही. फरक फार लहान आहे. त्यासाठी फाईलमध्ये शोध घ्यायचा, आणि तोही आकड्याचा नाही, ‘डिस्चार्ज’ या शब्दाचा. 36 शोधलंत तर बरोबर असलेलीच ठिकाणं सापडतील, चुकलेलं राहूनच जाईल. शब्द शोधला की प्रत्येक जागा समोर येते. ती कागदावर एकाखाली एक उतरवायची, एककासकट.

आम्ही आता डिस्चार्जचा आकडा फक्त तक्त्यात ठेवतो. बाकी सगळीकडे ‘तक्ता 1 प्रमाणे’. पुढच्या वेळी 36 चे 40 झाले, तर बदल एकाच जागी करायचा.