अक्षर तुटलं, तर बाई वाचणार कशी?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

गेल्या सभेत तुम्ही विचारलंत, मोबाइलवर पोस्टर करताना मराठी अक्षरं मोडतात ती का? आज तेवढंच बोलू. फुलं, समई, रांगोळीची चित्रं तुम्हाला माझ्यापेक्षा छान लावता येतात.

नारळी पौर्णिमेचंच पोस्टर घेऊ. त्या दिवशी मालवणात नारळ लढवायची स्पर्धा असते, तशी आपल्या गटानेही ठेवली असं धरा. मजकूर असा: ‘नारळी पौर्णिमेनिमित्त किनाऱ्यावर महिलांची नारळ लढवण्याची स्पर्धा. प्रवेश शुल्क नाही.’

यातले चार शब्द मी मुद्दाम आधी टाइप करून बघते: पौर्णिमा, स्पर्धा, किनाऱ्यावर, शुल्क. चित्र, रंग सगळं नंतर.

‘पौर्णिमा’त रफार ‘णि’च्या डोक्यावर हवा आणि पहिली वेलांटी ‘ण’च्या आधी. कच्च्या फॉन्टमध्ये वेलांटी मागे जाते, नाहीतर रफार सुटून ‘र्’ वेगळा पडतो. ‘स्पर्धा’चं ‘स् पर् धा’ होतं. असं दिसलं तर तो फॉन्ट तिथेच सोडा, कितीही नक्षीदार असला तरी. आपल्याकडे साठीनंतर वाचायला शिकलेल्या ताया आहेत. असं एक मोडकं पोस्टर बघून एक आजी मला म्हणाली, ‘‘गो बाय, माका वाचूक येना नाय, की लिवलेलाच चुकीचा असा?’’ अक्षर फॉन्टने मोडलं होतं, आणि शंका तिला स्वतःवर आली.

‘किनाऱ्यावर’ हा तर आपल्या किनारपट्टीचाच शब्द. यात रफार नाही, आडवा र आहे. कीबोर्डवर साधा र घेतलात तर ‘किनार्यावर’ होतं. खाली टिंब असलेला ऱ शोधा, त्याचा पाय मोडा, मग ‘या’ द्या. हे टाइप करण्याचं काम आहे. एवढं करूनही आडवा र दिसला नाही, तर मात्र दोष फॉन्टचा.

आता ‘शुल्क’. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो. शाळेतही तोच गिरवला आणि 2022 च्या शासन निर्णयातही तोच आहे. मोबाइलवर पुष्कळदा हिंदी वळणाचे ल आणि श येतात, कारण बटण एकच असलं तरी आकार फॉन्ट ठरवतो. ही काही चूक नव्हे, वाचता येतं. पण पत्रिका आपल्या वळणाची हवी असेल तर Tiro Devanagari Marathi हा फॉन्ट घ्या. त्याच्या नावातच मराठी आहे. मात्र त्यात जाड अक्षर नाही, म्हणून मथळ्याला Baloo 2 किंवा Mukta चा जाड प्रकार लावा. हे दोन्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे. Mukta शोधताना पुढे Vaani, Malar, Mahee जोडलेली नावं दिसतील. ती गुजराती, तमीळ आणि गुरुमुखीसाठी आहेत, आपलं साधं Mukta.

तिन्ही फॉन्ट fonts.google.com वर फुकट आहेत. उतरवलेली फाइल झिप असते, ती उघडली की आत .ttf फाइल सापडते. पिक्सेललॅबमध्ये अक्षराच्या फॉन्टमध्ये जाऊन My Fonts मधून ती घेता येते. कॅन्व्हाच्या फुकट खात्यात आपला फॉन्ट चढवता येत नाही, तिथे शोधपट्टीत नाव घालून मिळतो का ते बघायचं. आणि एक खूण लक्षात ठेवा: फॉन्ट बदलत गेलात तरी मराठी अक्षर जसंच्या तसं राहत असेल, तर त्या फॉन्टमध्ये मराठी नाहीच. ॲप गुपचूप फोनचंच अक्षर दाखवतंय.

फ्लेक्सवाल्याकडे मजकूर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला, तर तो त्याच्या संगणकावर त्याच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो आणि आपली सगळी तपासणी वाया जाते. त्यापेक्षा तयार डिझाइन द्या. कॅन्व्हात PDF Print निवडा, म्हणजे अक्षरं आहेत तशी जातात. व्हॉट्सॲपसाठी केलेलं 1080 पिक्सेलचं चौकोनी चित्र तीन फुटांच्या फ्लेक्सवर ताणलं, तर इंचाला फक्त 30 ठिपके येतात आणि अक्षराची कड करवतीसारखी दिसते. फाइल पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं. आणि छापण्याआधी दुकानाच्या स्क्रीनचा फोटो मागवून तेच चार शब्द परत वाचा.