‘घर’ शब्दाची विभक्ती



मराठी व्याकरणाचा सुरतेशी जुना संबंध आहे. 1836 साली ज्यांचे मराठी व्याकरण छापले गेले ते दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच गावात शिक्षक होते, आणि 1844 साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथे मानवधर्म सभा काढली. तेव्हा विभक्तीचा विषय येथे काढल्याबद्दल क्षमा मागत नाही.

विषय निघाला तो माझ्या नातवाच्या पत्रावरून. तो ‘घरमध्ये’, ‘घरपर्यंत’ असे म्हणे. गुजरातीत ‘घरमां’, ‘घर सुधी’ म्हणतात, तेथे ‘घर’ला काही होत नाही. आपल्याकडे मात्र प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी शब्द बदलतो. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. मी त्याला सांगून टाकले, “बाळा, ‘घर’च्या पुढे काहीही आले, की आधी ‘घरा’ करायचे.” त्याने ते इमानाने पाळले आणि नाशिकच्या आत्याला लिहिले, “घराचे सगळे मजेत आहेत.” आत्या हसली. चूक नातवाची नव्हती, माझ्या नियमाची होती.

तुम्ही शाळेत पाठ केलेले कोष्टक पुन्हा समोर ठेवतो.

| विभक्ती | एकवचन | अनेकवचन |
|---|---|---|
| प्रथमा | घर | घरे |
| द्वितीया | घरास, घराला | घरांस, घरांना |
| तृतीया | घराने, घराशी | घरांनी, घरांशी |
| चतुर्थी | घरास, घराला | घरांस, घरांना |
| पंचमी | घराहून, घरून | घरांहून |
| षष्ठी | घराचा, घरचा | घरांचा |
| सप्तमी | घरात, घरी | घरांत |
| संबोधन | घरा | घरांनो |

शब्दयोगी अव्ययेही याच ‘घरा’ला चिकटतात : घराजवळ, घरामागे, घरासाठी, घरापर्यंत. अनेकवचनी ‘घरां’ला : घरांजवळ, घरांसाठी. हा ‘आ’ कोठून आला? प्राकृतात षष्ठीचे रूप ‘घरस्स’ होते, त्याचा झिजून उरलेला अवशेष तो. माझा नियम एवढ्यापुरता बरोबर होता.

आता पंचमी, षष्ठी आणि सप्तमी पाहा. तेथे एकवचनात दोन-दोन रूपे आहेत आणि त्यांतील एकेकात ‘आ’ नाही : घरून, घरचा, घरी. ही नुसती पर्यायी रूपे समजून आपण पाठ करतो, पण बोलताना कधीही अदलाबदल करत नाही. घराचा रंग उडतो, घराचे भाडे भरतो, घरात पाणी शिरते. तापीच्या पुरानंतर हे वाक्य किती वेळा लिहिले असेल! येथे घर म्हणजे भिंती आणि छप्पर. उलट जेवण घरचे असते, कामावर आपण घरून निघतो, संध्याकाळी घरी येतो. येथे घर म्हणजे बिऱ्हाड, आपली माणसे. ‘घरचे काय म्हणतील?’ यातले ‘घरचे’ तर चक्क माणसेच आहेत. ‘घराहून’ आता बहुधा तुलनेतच येते : घराहून अंगण मोठे.

सप्तमीचा भेद गुजरातीतही आहे : ‘घेर’ निराळे, ‘घरमां’ निराळे. म्हणून ‘घरी’ आणि ‘घरात’ यांत आपली मुले सहसा चुकत नाहीत. अडचण षष्ठीत येते. ‘घरनुं बारणुं’ आणि ‘घरनुं जमवानुं’, दोन्हीकडे एकच ‘घरनुं’. मराठीत त्याची दोन टोके होतात, घराचे दार आणि घरचे जेवण, आणि कोणते कोठे हे गुजराती कानाला कळायला आधार नाही.

यावर मला एक कसोटी सापडली. वाक्य अनेकवचनात फिरवून पाहा. ‘घराचे दार’चे ‘घरांची दारे’ होते. ‘घरचे जेवण’चे ‘घरांची जेवणे’ करून पाहा, ऐकवत नाही. ‘घरी’चेही तसेच : आम्ही दहाजण दहा ठिकाणी गेलो तरी ‘आपापल्या घरी’च गेलो. जेथे अनुस्वार बसत नाही तेथे ‘आ’ही नको. सीमेवरची वाक्ये राहतातच. ‘घरचे दार उघडे टाकून आलो’ असे सुरतेबाहेरचा मराठी माणूसही म्हणेल. तेव्हा त्याच्या मनात लाकडी फळी नसून मागे राहिलेले बिऱ्हाड असते. अशा वाक्याला मी लाल शाई लावत नाही.

आणि जाता जाता, आपल्या गावाचेच पाहा. ‘सुरतेची’, ‘सुरतेत’ हे आपल्या आजोबांचे सामान्यरूप. आपण ‘सुरतची’, ‘सुरतमध्ये’ म्हणू लागलो. नातवाला ‘घरमध्ये’बद्दल टोकताना हे मला आठवायला हवे होते.

नातवाला मी ही कसोटी दाखवली. त्याने दुसरे पत्र लिहिले : “घरचे सगळे मजेत आहेत. घराला नवा रंग दिला. दिवाळीत घरी ये.” तिन्ही रूपे बरोबर होती. पत्राच्या शेवटी मात्र ‘सुरतमध्ये थंडी नाही’ असे होते. ते मी तसेच जाऊ दिले.