साकवावरचे दोन बिंदू

आज एक ओढा, एक साकव आणि एक वजन, एवढ्यावरच बोलूया.

समजा, रत्नागिरीकडच्या एखाद्या वहाळावर सरळ, सगळीकडे सारख्या जाडीची तुळई दोन काठांवर टेकवली आहे. तिच्या मध्यावर, म्हणजे ‘म’ बिंदूवर, एक पोतं ठेवलं आणि तिथे तुळई १६ मिलिमीटर खाली गेली. त्याच वेळी एका काठापासून पाव अंतरावर, ‘प’ बिंदूवर, ती ११ मिलिमीटर खाली गेलेली असेल. आता तेच पोतं उचलून ‘प’वर ठेवा. पोत्याखाली तुळई ९ मिलिमीटरच वाकेल. आणि ‘म’वर? बरोब्बर ११!

वजन ‘म’वर असताना ‘प’ जेवढा खाली जातो, तेवढाच वजन ‘प’वर असताना ‘म’ जातो. हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ साली मांडलं आणि १८७२ मध्ये एन्रिको बेट्टीने ते आणखी व्यापक केलं.

असं का होतं? दोन सारखी पोती घ्या, पण हळूहळू ठेवा. आधी ‘प’वर ठेवलं तर तुळईत थोडी ऊर्जा साठते. मग दुसरं ‘म’वर ठेवलं की त्याची स्वतःची ऊर्जा साठतेच, शिवाय ‘प’वरचं पोतंही आणखी खाली उतरतं आणि तेवढं जास्तीचं काम होतं. क्रम उलटा केला तर जास्तीचं काम ‘म’वरचं पोतं करतं. शेवटी तुळई दोन्ही वेळा त्याच आकारात येते, म्हणजे साठलेली एकूण ऊर्जाही तीच. पोत्यांचा स्वतःपुरता वाटा दोन्हीकडे सारखा, तेव्हा जास्तीचं कामही सारखंच असणार. वजन एकच असल्याने खाली जाणंही सारखं.

याचा उपयोग काय? रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल आठवा. लांबी ४२४ मीटर, उंची सुमारे ६४ मीटर. अशा पुलाखाली जागोजागी मोजणीचं यंत्र लावणं किती अवघड! मध्यावर वजन ठेवल्यावर पूल कुठे किती वाकेल, हे हवं असेल तर एकच डायल गेज मध्यावर लावायचं आणि तेच वजन वरून एकेका जागी सरकवत न्यायचं. गेजवर येणारा प्रत्येक आकडा हा, वजन मध्यावर असताना त्या त्या जागी पूल किती वाकला असता, त्याचा आकडा.

पण अट आहे. वजन दुप्पट केल्यावर वाकणंही दुप्पट व्हायला हवं, आणि वजन काढल्यावर गेज शून्यावर यायला हवं. टेकू मातीत खचला, तुळईचं टोक टेकूवरून उचललं गेलं किंवा ओलं लाकूड वजनाखाली हळूहळू वाकतच राहिलं, तर ११ समोर ११ येणार नाही. तसं झालं तर सिद्धांताला दोष देऊ नका. आधी टेकूखाली वाकून बघा.