फुटलेली नळी आणि अर्धा तास
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

सातारा-सांगलीकडच्या रक्ततपासणी प्रयोगशाळांमध्ये दरवर्षी नवी मुलं-मुली उमेदवारीला येतात. सुई टोचायला ती लवकर शिकतात. यंत्रावर नमुना लावायलाही शिकतात. काम झाल्यावर हातातली वस्तू कुठे टाकायची, हे मात्र बहुतेक जण शेजारच्याचं बघून उचलतात. शेजारचा चुकत असेल तर चूकही तशीच पुढे जाते. म्हणून आज एका रक्ताच्या नळीचा प्रवास सांगतो. आधी ती नीट टाकली जाते तेव्हाचा आणि मग ती फुटते तेव्हाचा.

समजा, सकाळी एका पेशंटचं रक्त घेतलंत. आता तुमच्या हातात सुई आहे, सिरिंज आहे, कापसाचा रक्त लागलेला बोळा आहे, हातमोजे आहेत आणि सिरिंजचं कागदी वेष्टण आहे. 2016 सालच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे या पाच वस्तूंच्या चार वाटा आहेत. सुई कटरमध्ये तोडायची, ती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते. सुई काढलेली सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत जातात. कापूस पिवळ्या पिशवीत जातो. काच असेल तर निळा डबा. आणि वेष्टणाला रक्त लागलेलं नाही, तेव्हा ते साध्या कचऱ्यात.

हे रंग पाठ करायची गरज नाही. पुढे त्या वस्तूचं काय होणार आहे, एवढं लक्षात ठेवा म्हणजे रंग आपोआप आठवतो. पिवळी पिशवी भट्टीत जळते. लाल पिशवीतलं प्लॅस्टिक वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होतं, त्याचे तुकडे होतात आणि ते पुन्हा वापरात जातं. म्हणून प्लॅस्टिक पिवळ्या पिशवीत टाकलं तर ते जळतं, आणि त्यात क्लोरिन असलेलं प्लॅस्टिक असेल तर धुरातून डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं हवेत जातात. उलट एक सुई लाल पिशवीत गेली, तर ती पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या किंवा गाडीवरच्या माणसाच्या बोटात शिरते. त्यांना तुमचं नाव माहीत नसतं आणि पेशंटचंही नसतं.

ही भीती उगाच घातलेली नाही. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली, तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण हजारी तीन एवढं आहे. म्हणून कामावर रुजू होताना तीन डोसांची लस झाली आहे का, हे आधी विचारा. तुमच्याबद्दल विचारा आणि मावशींबद्दलही विचारा. लस टोचून देणं ही मालकाची जबाबदारी नियमातच लिहिलेली आहे.

तपासणी झाल्यावर उरलेलं रक्त नळीतच असतं. ती नळी तशीच पिशवीत टाकायची नाही. रक्ताचे नमुने आधी प्रयोगशाळेतच निर्जंतुक करावे लागतात. ऑटोक्लेव्ह वापरत असाल तर 121 अंश तापमान, 15 पौंड दाब आणि पूर्ण साठ मिनिटं. हायपो वापरत असाल तर एक ते दोन टक्क्यांचं द्रावण. एकाच वस्तूला दोन्ही उपाय करू नका. हायपोत भिजलेली वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये तापवली की क्लोरिन वायू सुटतो.

हायपोचा हिशोब सोपा आहे. बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल, तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी घेतलं की एक टक्क्याचं द्रावण होतं. म्हणजे लिटरभर हवं असेल तर 200 मिलिलिटर हायपो आणि 800 मिलिलिटर पाणी. बाटली दहा टक्क्यांची असेल तर एकास नऊ. लेबल न वाचता अंदाजाने ओतणारे पुष्कळ भेटतात. शिवाय ऊन आणि उष्णता लागली की हे द्रावण कमजोर होत जातं. म्हणून ते रोज सकाळी ताजं करायचं, झाकून ठेवायचं आणि डब्यावर तारीख-वेळ लिहायची. तारीख नसलेला डबा म्हणजे नुसतं पाणी, असं समजा.

आता नळी फुटते तेव्हाचं पाहू. तासगाव किंवा कोरेगावकडून आलेला नमुना काढताना काचेची नळी हातातून निसटली. तीन मिलिलिटर रक्त फरशीवर पसरलं. सगळ्यांचा पहिला हात फडक्याकडे जातो आणि तिथेच चुकतं. पुसायला गेलात की डाग मोठा होतो आणि काच बोटात जाते.

आधी सगळ्यांना मागे व्हायला सांगा आणि वाट अडवा. बुटांवर उडालं आहे का ते पाहा. जाड हातमोजे, मास्क, चष्मा आणि एप्रन घाला. डागावर टिश्यू पेपर किंवा कापूस असा टाका, की सगळं रक्त झाकलं जाईल. मग त्यावर एक टक्क्याचा हायपो कडेकडून सुरुवात करून मध्याकडे ओता. मध्यावर ओतलात तर रक्त बाहेर पसरतं. आता घड्याळ पाहा आणि अर्धा तास थांबा. रक्तातली प्रथिनं हायपोतला क्लोरिन खाऊन टाकतात, म्हणून नुसता शिंतोडा पुरत नाही आणि घाईही चालत नाही.

अर्धा तास झाला की काचेचे तुकडे चिमट्याने उचला आणि निळ्या डब्यात टाका. हातमोजे घातले आहेत म्हणून बोटाने उचलू नका, काच मोज्यातूनही जाते. भिजलेला कागद पिवळ्या पिशवीत जातो. जागा पुन्हा एकदा हायपोने पुसा, मग हातमोजे लाल पिशवीत टाका आणि साबणाने हात धुवा. एक सावधगिरी मात्र ठेवा. लघवीचा मोठा नमुना सांडला असेल तर त्यावर हायपो थेट ओतू नका, त्यातून घशाला झोंबणारा वायू निघतो. आधी टिश्यूने टिपून घ्या. फॉर्मालिन आणि आम्ल यांच्यावरही हायपो नको.

हीच नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फुटली तर? खडखड आवाज आला की यंत्र बंद करा, पण झाकण उघडू नका. आत रक्ताचे डोळ्यांना न दिसणारे तुषार उडालेले असतात. झाकण अर्धा तास बंद ठेवलं की ते खाली बसतात. आधी यंत्र थांबलं आणि मग झाकण उघडल्यावर कळलं, तर ते लगेच पुन्हा लावा. नंतर तुकडे चिमट्याने काढा. आतला धातू हायपोने गंजतो, म्हणून तिथे धातू न खाणारं, त्या जंतूंवर चालणारं निर्जंतुक द्रव्य लागतं. ते कोणतं, हे तुमच्या वरिष्ठांना आजच विचारून ठेवा.

शेवटी वहीत नोंद करा. कुणाला सुई टोचली तर बोट पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. लपवलेली टोचणी म्हणजे गमावलेला वेळ.

आणि कचऱ्याच्या खोलीकडेही लक्ष ठेवा. पिशव्या 48 तासांपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत आणि तळघरात तर नाहीच. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या वाक्याचं कारण सांगायला नको.